चकलीने नेमकं किती तेल प्यायलं? कढई तोलून काढायचा हिशोब

अर्धा किलो भाजणीच्या चकल्यांना तेल किती लागतं असं विचारलं की बहुतेक घरांत उत्तर कढईतल्या पातळीवरून मिळतं. लिटरभर ओतलं होतं, पाऊण लिटर उरलं, म्हणजे पाव लिटर गेलं. स्वयंपाकघरापुरतं हे चालून जातं. पण फराळाच्या ऑर्डरी घेऊन किलोचा भाव ठरवायचा असेल, किंवा घरातल्या कुणाला खाण्यातलं तेल मोजून घ्यायला सांगितलेलं असेल, तर हा अंदाज उपयोगाचा नाही. पातळी फार फसवते. खाद्यतेल तापलं की दर १० अंशांना साधारण ०.७ टक्के फुगतं. ३० अंशांवरचं एक लिटर तेल १८० अंशांना गेलं की त्याचं जवळपास १ लिटर १०० मिली होतं. म्हणजे दोन-तीन घाणे काढल्यावर जे शंभरेक मिली कमी झालेलं असतं, ते या फुगण्यातच झाकून जातं आणि कढई अजून तेवढीच भरलेली वाटते.

वजनाचं तसं नाही. तेल गरम असो वा गार, ग्रॅम तेवढेच राहतात. पाकिटावर १ लिटरसोबत ९१० ग्रॅम असं लिहिलेलं असतं, तेही याच कारणाने उपयोगी पडतं. म्हणून पद्धत अगदी साधी आहे: तळणीआधी कढई तेलासकट तोलायची, तळण संपून तेल गार झालं की पुन्हा तोलायची आणि वजाबाकी करायची. खरं काम त्यापुढे आहे. वजाबाकीत आलेलं सगळं तेल चकलीत गेलेलं नसतं. थोडं दुसरीकडे सांडलेलं असतं, आणि कढईत उरलेलं सगळं वजनही तेलाचंच नसतं. या दोन्ही गोष्टी कशा पकडायच्या ते चकलीच्या उदाहरणातून पाहू.

चकलीच का घेतली, तर तिच्यात दोन तेलं असतात. एक मोहनाचं, पीठ भिजवतानाच घातलेलं, आणि दुसरं तळताना आत शिरलेलं. कढई तोलल्यावर फक्त दुसरं कळतं, पहिलं आपण आधीच मोजून लिहून ठेवायचं असतं. पुरी किंवा वड्यांना हीच रीत लागू पडते, तिथे हिशोब उलट सोपा होतो.

काटा आणि त्याची परीक्षा

स्वयंपाकघरातला ५ किलोपर्यंतचा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. लोखंडी कढई, झारा आणि किलोभर तेल मिळून सव्वादोन-अडीच किलो होतात, तेव्हा २ किलोचा काटा घेऊ नका. कढईचं बूड गोल असेल तर ती काट्यावर डुगडुगते आणि आकडा स्थिर होत नाही. खाली चुंबळ किंवा स्टीलची रिंग ठेवा, आणि दोन्ही वेळा तीच ठेवा. रुंद कढईने काट्याचा आकडा झाकला जातो, त्यासाठी आधी काट्यावर एक जाड डबा उलटा ठेवून त्यावर रिंग आणि मग कढई ठेवायची. शून्य करायचं ते डबा आणि रिंग ठेवून झाल्यावर.

कढईचं वजन मात्र शून्य करून टाकू नका. पुष्कळ काटे थोड्या वेळाने आपोआप बंद होतात आणि केलेलं शून्य विसरतात. तळण आणि तेल गार होणं मिळून चार-पाच तास जाणार आहेत, म्हणून कढई, झारा आणि तेल यांचं मिळून जे पूर्ण वजन दिसतं तेच वहीत लिहायचं.

काटा जड वजनावर खरं बोलतो का हे झाऱ्यानेच तपासता येतं. आधी झारा एकटा तोला. समजा ११० ग्रॅम आला. मग तेल भरलेली कढई ठेवा, आकडा लिहा, आणि त्यात झारा ठेवा. आकडा ११० ने वाढला पाहिजे, एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे चालेल. आठ-दहा ग्रॅमचा फरक पडत असेल तर त्या काट्यावर हे मोजमाप करू नका. शिवाय प्रत्येक वजन तीनदा घ्या: उचला, शून्य आहे का बघा, परत ठेवा. तिन्ही आकडे दोन ग्रॅमच्या आत आले तर मधला लिहा. कढई काट्यावर तशीच बसवून ठेवली तर काही काट्यांचा आकडा हळूहळू सरकत जातो, म्हणून दर वेळी उचलून ठेवणं महत्त्वाचं.

तळणीआधी

कढईचं बूड बाहेरून पुसून कोरडं करा. काजळी निघत असेल तर ती आत्ताच घासून काढा. नंतर निघाली तर तिचं वजन तेलाच्या नावावर जाईल. तेल ओता, झारा त्यात ठेवा आणि तोला. झारा दोन्ही वेळा कढईतच राहू द्यायचा, म्हणजे त्याला चिकटलेल्या तेलाचा वेगळा हिशोब करावा लागत नाही.

चकल्या निथळायला ठेवायची चाळणी आणि तिच्याखालचं ताट एकत्र तोलून ठेवा. ओटा पुसायला एक सुकं फडकं किंवा टिपकागद बाजूला काढा, त्याचंही वजन लिहा. मध्ये तेल वाढवावं लागणारच, ते थेट पाकिटातून न ओतता एका भांड्यात काढून ठेवा आणि ते भांडंही तोला. इतकी तयारी आधी झाली की तळताना काट्याकडे बघायला लागत नाही.

पिठाचीही नोंद करा. भाजणी, मोहन, तीळ-तिखट-मीठ आणि पाणी, सगळं ग्रॅममध्ये. पाणी मिलीत मोजलं तरी चालेल, पाण्याचा एक मिली म्हणजे एक ग्रॅमच. भिजवलेला गोळा तळायला घ्यायच्या आधी परातीसकट तोला, आणि शेवटी परातीत, सोऱ्यात उरलेलं पीठ खरवडून परत तोला. दोन्हींमधला फरक म्हणजे कढईत गेलेलं पीठ. तेलाच्या हिशोबाला हे लागत नाही, पण आलेलं उत्तर बरोबर आहे का हे पडताळायला दुसरं साधन नाही.

तळताना

नेहमीसारखंच तळा. मोजायचं आहे म्हणून हात राखून तळलंत तर मोजमाप त्या राखलेल्या तळणीचं होईल. दोन गोष्टी तेवढ्या सांभाळा.

पहिली म्हणजे चकली उचलतानाची. बाहेर काढल्यावर चकली तेल पिणं थांबवते असं वाटतं, प्रत्यक्षात उलट घडतं. तेलात असेपर्यंत आतलं पाणी वाफ होऊन बाहेर फेकलं जात असतं आणि ती वाफ तेलाला आत येऊ देत नाही. कढईवर दिसणारे बुडबुडे तेच. चकली बाहेर आली की ती निवू लागते, आतली वाफ आक्रसते, आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल छिद्रांतून आत ओढलं जातं. यातला मोठा भाग बाहेर काढल्यानंतरच्या पहिल्या थोड्या वेळात आत जातो. म्हणून झाऱ्यावर चकल्या घेऊन कढईवरच काही सेकंद धरून हलकेच झटकल्या, तर तेल कढईत परत जातं, आणि तशाच ताटात ओतल्या तर तेच तेल चकलीत जातं. तुम्ही रोज जसं करता तसं पूर्ण तळणीभर एकसारखं करा. अर्धे घाणे झटकून आणि अर्धे न झटकता काढले तर आलेला आकडा कशाचाच राहत नाही.

दुसरी गोष्ट शेवटच्या घाण्यानंतरची. चकल्या काढल्याबरोबर गॅस बंद करू नका. तेलात पडलेल्या चुऱ्यातून अजून बारीक बुडबुडे येत असतात, म्हणजे पाणी अजून बाहेर पडतं आहे. मंद आचेवर ते थांबेपर्यंत एक-दोन मिनिटं ठेवा, समोरच उभे राहा आणि मग बंद करा. हे पाणी तेलात राहून गेलं तर दुसऱ्या वेळी कढई जास्त भरते आणि तेल कमी प्यायल्यासारखं दिसतं. चकलीत हा फरक छोटा असतो, साबुदाणा वडा किंवा कांदाभजीत तो लक्षात येण्याइतका होतो.

चाळणीवर टिपकागद घालायची सवय असेल तर घाला, पण कागदही तोललेला हवा. गरम चकलीखालचा कागद तेलाबरोबर वाफही ओढतो, तेव्हा तो उघड्यावर तासभर सुकू द्या आणि मगच तोला. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई खाण्यात उतरते.

तेल गार होईपर्यंत

गरम कढई काट्यावर ठेवायची नाही. वर प्लास्टिक असेल तर ते वितळतं, आणि आतला वजन ओळखणारा भाग तापला की आकडा भरकटतो. त्यापेक्षा मोठा धोका म्हणजे किलोभर उकळतं तेल उचलून नेणं. कढई गॅसवरच राहू द्या, घरात लहान मुलं असतील तर मागच्या शेगडीवर. वर घट्ट झाकण घालू नका, त्याला वाफ धरून थेंब परत तेलात पडतात. जाळी किंवा सुकं विरळ कापड पुरे. जाड लोखंडी कढईला गार व्हायला तीन-चार तास सहज लागतात. बुडाला हात लावून ऊब लागेनाशी झाली की तोला.

आता हिशोब

आकड्यांशिवाय हे डोक्यात बसत नाही, म्हणून अर्ध्या किलो भाजणीचं एक उदाहरण पूर्ण सोडवू. घरगुती तळणीत साधारण असेच आकडे येतात.

भाजणी ५०० ग्रॅम, मोहन ५० ग्रॅम, तीळ-तिखट-मीठ मिळून ३२ ग्रॅम आणि पाणी ४८० ग्रॅम. कढईत प्रत्यक्ष गेलेलं पीठ १,०४६ ग्रॅम. बाकीचं थोडं सोऱ्याला चिकटलं आणि थोडी वाफ उकड काढतानाच गेली.

कढई, झारा आणि तेल आधी २,३१८ ग्रॅम. मध्ये १५४ ग्रॅम तेल वाढवलं. गार झाल्यावर कढई २,२४६ ग्रॅम. म्हणजे कढईतून गेलेलं तेल २,३१८ + १५४ − २,२४६ = २२६ ग्रॅम.

इथेच थांबणारे पुष्कळ असतात. पण चाळणी आणि ताट मिळून आधी ६५५ ग्रॅम होतं, नंतर चुरा झटकून तोललं तर ६७४ भरलं. १९ ग्रॅम तेल तिथे निथळलं. ओटा आणि गॅसभोवतीचे शिंतोडे पुसलेलं फडकं ३ ग्रॅमने जड झालं. हे २२ ग्रॅम चकलीत गेलेलं नाही, म्हणून उरले २०४.

आता उलट बाजू. कढईच्या तळाशी चुरा बसलेला असतो. दुसऱ्या वेळी तोलताना तो तेलासोबत तोलला गेला, म्हणजे आपण समजतो त्यापेक्षा तेल कमी उरलं आहे. तेल बारीक गाळणीतून गाळा, गाळ नीट निथळू द्या आणि तोला. समजा १२ ग्रॅम आला. हा सगळा पिठाचा नाही, त्यात तेल भरपूर भिजलेलं असतं. घरी ते वेगळं करता येत नाही, म्हणून अर्धा भाग पीठ धरायचा: ६ ग्रॅम. ते मिळवले की २०४ + ६ = २१० ग्रॅम. गाळात पीठ अजिबात नसतं तर उत्तर २०४ आलं असतं आणि सगळं पीठच असतं तर २१६. खरं उत्तर या दोहोंच्या मध्येच आहे, आणि सुमारे २१० असं लिहायला हरकत नाही.

वजाबाकी बेरजेत गोंधळ उडत असेल तर एक गोष्ट मनात पक्की धरा. कढईबाहेर सांडलेलं, उडालेलं, निथळलेलं तेल उत्तर वाढवून दाखवतं, म्हणून ते वजा होतं. कढईत उरलेला चुरा आणि पाणी उत्तर कमी दाखवतात, म्हणून ते मिळवायचे. चिमणीच्या जाळीवर आणि भिंतीवर गेलेलं तेल पुसून तोलता येत नाही. ते पहिल्या प्रकारचं आहे, तेव्हा खरा आकडा २१० पेक्षा किंचित कमीच असेल.

पडताळा

चकल्या गार झाल्या की लगेच, डब्यात भरायच्या आधी, सगळ्या एकत्र तोला. नैवेद्याला काढून ठेवलेल्या आणि तळतातळता मुलांनी उचललेल्याही धरा. त्या मोजल्या नाहीत तर तेलाच्या आकड्याला काही होत नाही, पण पुढचं गणित चुकतं. आपल्या उदाहरणात ३८ चकल्या ७७२ ग्रॅम भरल्या.

नवखे लोक इथे एक सोपी वाट धरायला बघतात: कच्ची चकली तोला, तळलेली तोला, फरक म्हणजे तेल. तो फरक १,०४६ − ७७२, म्हणजे चकली २७४ ग्रॅमने हलकीच झाली! तेल पिऊन वजन घटलं, कारण आत आलेल्या तेलाच्या दुपटीहून जास्त पाणी बाहेर गेलं. नुसत्या पदार्थाच्या वजनावरून तेल कधीच कळत नाही. पण तेल माहीत असलं की पाणी कळतं.

१,०४६ ग्रॅम पीठ आणि २१० ग्रॅम तेल मिळून १,२५६. त्यातून चकल्या ७७२ आणि चुऱ्यातलं पीठ ६ वजा केलं की ४७८ ग्रॅम उरतात. एवढं पाणी वाफ होऊन गेलं. आपण घातलं होतं ४८०, त्यातलं थोडं उकड आणि सोऱ्यात गेलं, आणि भाजणीत स्वतःची थोडी ओल असतेच. कुरकुरीत चकलीत दोन-तीन टक्के पाणी राहतं हे धरलं तर ४७८ अगदी पटण्यासारखं आहे. हाच आकडा ५६० आला असता तर घातलं नव्हतं तेवढं पाणी कुठून गेलं, असा प्रश्न उभा राहिला असता. म्हणजे तेल जास्त धरलं गेलं आहे, बहुधा वाढवलेलं तेल दोनदा लिहिलं किंवा झारा दुसऱ्या वेळी बाहेर राहिला. उलट ४०० आला तर तेल कमी धरलं आहे, नाहीतर चकल्याच आत ओल्या राहिल्या आहेत. एक मोडून बघितली की यातलं काय ते कळतं.

आता मोहन मिळवा. २१० आणि ५०, म्हणजे २६० ग्रॅम तेल ७७२ ग्रॅम चकलीत. शंभर ग्रॅम चकलीत सुमारे ३४ ग्रॅम. एका चकलीत ६.८ ग्रॅम, आणि तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर नुसत्या तेलाच्या ६१. तीळ आणि डाळींचं अंगचं तेल यात धरलेलं नाही. भाव काढताना मात्र २१० घेऊ नका. ताटात निथळलेलं, फडक्यात गेलेलं आणि गाळासोबत टाकलेलं तेलही तुमच्याच पैशाचं होतं. तिथे २२६ आणि गाळाचे १२ मिळून २३८, अधिक मोहनाचे ५०, असे २८८ ग्रॅम धरा.

आकडा कुठे डळमळतो

दोन वेळच्या तोलण्यात मिळून तीन-चार ग्रॅमची चूक गृहीत धरावी लागते. २१० ग्रॅममध्ये ती दोन टक्केही नाही. पण चारच पुऱ्या तळून तेल मोजायला गेलात, तर जेमतेम वीस ग्रॅम तेलात चार ग्रॅमची चूक म्हणजे उत्तराला अर्थच उरत नाही. कमीत कमी शंभरेक ग्रॅम तेल जाईल एवढं तळण असेल तरच काटा काढा.

मोहन फार झालेल्या पिठाचं मोजमापही जपून वाचा. चकली तेलात विरायला लागते, तुकडे सुटतात आणि पिठातलं मोहनच थोडं कढईत उतरतं. अशा वेळी वजाबाकी कमी येते आणि चकली कमी तेलकट झाली असं वाटतं, हातात घेतली की बोटं मात्र माखतात. कढईचं वजन आलेल्या आणि गेलेल्या तेलाचा फक्त निव्वळ फरक सांगतं. खूण सोपी आहे: गाळ १२ ऐवजी ४०-५० ग्रॅम निघाला तर त्या दिवसाचा आकडा बाजूला ठेवा, कारण अर्धा गाळ पीठ हे आपलं गृहीतक तिथे फार मोठी चूक करतं.

मंद आच आणि मध्यम आच, किंवा झटकून काढणं आणि न झटकणं, अशी तुलना करायची असेल तर एकाच भिजवलेल्या पिठाचे दोन भाग करा, आणि दोन्हींमध्ये कढई पुन्हा पूर्ण गार करून तोला. यात एक दिवस मोडतो. दोन वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं पीठ भिजवून तुलना केली तर पाणी चमचाभर जास्त पडलं म्हणून तेल वाढलं की आच बदलली म्हणून, हे सांगता येणार नाही. जास्त पाण्याचं पीठ जास्त तेल पितं, पाण्याने सोडलेल्या जागेतच तेल शिरतं.